विशेष भत्ता आणि नानांची चक्की

मला शाळेपासून आवाज काढायची खोड. आमच्या अमळनेरच्या शाळेत हेडसरांच्या आवाजात मी एकदा अख्ख्या वर्गाला लवकर घरी सोडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच हेडसरांनी मला खऱ्या आवाजात बाहेर उभं केलं होतं. बीकॉम झालो, जळगावला सरकीच्या तेलाच्या कारखान्यात पगार खात्यात चिकटलो, पण खोड काही गेली नाही. आमच्या शेठचा आवाज तर मला इतका बसला होता की एकदा मी दाराआडून "चहा-बिस्किट पाठव रे" म्हणालो आणि दोन कप चहा आला. सोबत बिस्किटंही आली. खरे शेठ बिस्किटं मागवत नसत, त्यामुळे मी पकडला गेलो.

रोज सकाळी अमळनेरहून पॅसेंजरने निघायचं. धरणगावला नाना चढायचे. नाना आमच्या कारखान्यातले फिटर. सव्वीस वर्षं त्याच घाण्यांशी झटापट केलेला माणूस. मशीन बंद पडलं की नाना आधी त्याच्या अंगाला हात लावून बघायचे, डॉक्टर ताप बघतो तसा. खिडकीची जागा त्यांची. कुणी बसलेलं असलं तर ते काही बोलायचे नाहीत, नुसते समोर उभे राहायचे. दोन स्टेशनांत माणूस आपोआप उठायचा.

गाडीत माझा रोजचा कार्यक्रम असे. शेठ, गेटवरचा वॉचमन, सरकी मोजणारा मुकादम. सगळे हसायचे. नानाही हसायचे, पण पोटातल्या पोटात. आवाज यायचा नाही, खांदे तेवढे हलायचे.

माझे साहेब म्हणजे आबा. पगार खात्याचे हेडक्लार्क, कारखान्याइतकेच जुने. पगारपत्रक कसं भरायचं ते त्यांनी मला शिकवलं. मला वाटायचं, माणसाचा मूळ पगार, घरभाडं, वाहनखर्च, धुलाई असं एकेक मिळवत जायचं आणि खाली येईल ती बेरीज म्हणजे पगार. आबा म्हणाले, उलटं आहे. शेठ आधी बेरीज बोलतात. अमक्याला महिना इतके द्या. तो आकडा आपण उजव्या टोकाला लिहायचा. मग डावीकडून यायचं. मूळ पगार, सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली जाणार नाही एवढा. घरभाडं मूळच्या दहा टक्के. वाहनखर्च ठरलेला, धुलाई ठरलेली. आणि बेरजेला जे कमी पडतं ते सगळं शेवटच्या रकान्यात. त्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं असे 'विशेष भत्ता'.

"विशेष म्हणजे कशाबद्दल?" मी विचारलं होतं.

"कशाबद्दल नाही. पत्रक जुळण्याबद्दल," आबा म्हणाले.

आबा तो रकाना पेन्सिलने भरायचे. बाकी सगळं शाईने. सगळ्यात शेवटी, पुरा महिना तपासून झाला की मग त्यावर पेन फिरवायचे. मला त्याची गंमत वाटायची. मी आबांचाही आवाज काढून दाखवायचो: "पोरा, बाकीचे आकडे कमावलेले असतात, हा उरलेला असतो."

एका सकाळी गाडीत नानांनी मला विचारलं की तीन-चार महिन्यांनी ते साठ पुरे करून घरी बसणार, तर ग्रॅच्युइटी किती येईल. पीएफ त्यांनी घर बांधताना काढून घेतला होता. म्हणजे शेवटी हातात येणार ती हीच रक्कम. मी नवा होतो, पण फॉर्म्युला पाठ होता. महिन्याच्या पगाराला सव्वीसने भागा, पंधराने गुणा, मग जितकी वर्षं नोकरी तितक्याने गुणा. नानांचा पगार मला ठाऊक होता, तीन हजार दोनशे पन्नास. मी पेपरच्या कोपऱ्यावर हिशोब मांडला आणि उभा राहून, शेठसारखं पोट पुढे काढून, चष्मा नाकावर आणून जाहीर केलं:

"नाना, छब्बीस साल सेवा केली तुम्ही. अठ्ठेचाळीस हजार सातशे पन्नास. घ्या, आणि घाण्याला विसरू नका."

डबा हसला. नानांचे खांदे मात्र हलले नाहीत. त्यांनी पेपरचा तो कोपरा नीट फाडून घेतला, चौघडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं. पण मी वॉचमनच्या आवाजाकडे वळलो होतो.

महिनाभराने नाना पेढे घेऊन आले. धरणगावला बाजाराच्या रस्त्यावर एक चालती पिठाची चक्की विकायला निघाली होती. जागा, मोटर, दगड, वजनकाटा, सगळ्यासकट पंचेचाळीस हजार. नानांनी पाच हजार बयाणा देऊन टाकला होता. बाकीचे ग्रॅच्युइटी आली की. मोटर बघितली का, असं मी विचारलं तर म्हणाले, हात लावून बघितली, जरा गरम आहे पण औषध आहे तिच्यावर. त्या दिवशी मी पहिल्यांदा नानांना आवाज करून हसताना ऐकलं. नानी म्हणे दोन दिवस विचारत होती, घरात बसून तुमी काय करशात, तर आता तिला उत्तर मिळालं.

पेढा खाऊन मी आबांकडे गेलो. म्हटलं, नानांचा ग्रॅच्युइटीचा कागद आत्ताच करून ठेवू, अठ्ठेचाळीस हजार सातशे पन्नास. आबांनी मान वर केली.

"कशावर काढलंस?"

"पगारावर."

"कुठल्या पगारावर?"

त्यांनी पत्रक ओढलं, नानांच्या ओळीवर पट्टी ठेवली आणि बोटाने एकेक घर दाखवत गेले. मूळ तेराशे. घरभाडं एकशे तीस. वाहनखर्च एकशे वीस. धुलाई पन्नास. विशेष भत्ता सोळाशे पन्नास. मग त्यांनी पट्टी मूळवर आणून थांबवली. ग्रॅच्युइटी यावर निघते. भत्त्यांवर नाही. तेराशेला सव्वीसने भागलं की पन्नास, पंधराने साडेसातशे, सव्वीस वर्षांचे साडे एकोणीस हजार.

मी परत केलं. परत तेच आलं.

मग आबांनी मला ते सांगितलं जे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, किंवा मी विचारायला हवं होतं. मूळ पगाराला शेपट्या असतात. मूळमध्ये एक रुपया टाकला की शेठला त्यावर दहा पैसे पीएफ घालावा लागतो. बोनस त्यावर निघतो. शिल्लक रजेचे पैसे त्यावर. आणि ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगारावर, तीही मागच्या सगळ्या वर्षांची. तोच रुपया विशेष भत्त्यात टाकला तर शेठला तो रुपयालाच पडतो. म्हणून दर वर्षी वाढ व्हायची ती सगळी शेवटच्या रकान्यात जायची. मूळ जागच्या जागी.

"आणि लोक गप्प बसले?" मी विचारलं.

"गप्प कशाला, खूश होते," आबा म्हणाले. "मूळ कमी म्हणजे त्यांचाही पीएफ कमी कापला जातो. पाकिटात जास्त येतात. एका वर्षी मी विचारलं होतं, वाढ मूळमध्ये टाकू का. नानाच म्हणाला होता, हातात द्या, पोरीचं लग्न आहे."

मी विचारलं, आता काय करायचं. आबा म्हणाले, आधी त्याला सांग. तू सांगितलंस ना आकडा, तूच खोडायचा.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी नानांच्या शेजारी बसलो. सांगायला सुरुवात केली आणि माझं मलाच कळलं की मी आबांच्या आवाजात बोलतोय. मूळ पगार, रकाना, शेपट्या. मग घाबरून शेठच्या आवाजात गेलो, थोडा विनोदही केला. नाना खिडकीबाहेर बघत होते. कापसाची शेतं मागे जात होती. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो हात, मशीनवर ठेवायचे तसा.

"तुना आवाजमा सांग, भाऊ."

सांगितलं. साडे एकोणीस हजार. चूक माझी. मी भत्त्यासकट धरलं.

नानांनी आतल्या खिशातून तो पेपरचा तुकडा काढला, उघडला, बघितला आणि परत तसाच घडी घालून ठेवला. मला वाटलं, टाकून देतील. टाकला असता तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले की नानीला आज सांगणार नाहीत, ती चक्कीसाठी चाळणी आणायला चाललीय.

त्या दिवशी मी जेवलो नाही. आबांनी डबा उघडला, माझ्याकडे बघितलं, बंद केला. मग म्हणाले, एक वाट आहे. नानाची बेरीज तीच ठेवायची, तीन हजार दोनशे पन्नास. मूळ वाढवायचं. मूळ वाढलं की विशेष भत्ता आपोआप खाली येतो, कारण तो उरलेलाच आकडा. शेठच्या खिशातून दर महिन्याला पीएफचे थोडे जास्त जातील, बाकी पगार तेवढाच. पण ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळवर निघते. अजून दोन पगार व्हायचेत. आत्ता केलं तर धरता येईल.

"शेठला कळणार नाही?" मी विचारलं.

"त्यांनीच तर मला हा रकाना शिकवला," आबा म्हणाले.

आम्ही दोघं वर गेलो. शेठ सरकीचा भाव फोनवर ऐकत होते. फोन ठेवल्यावर आबांनी पत्रक समोर केलं. मूळ दोन हजार ऐंशी. घरभाडं त्यामुळे दोनशे आठ. विशेष भत्ता सातशे ब्याण्णव. बेरीज तीच. ग्रॅच्युइटी एकतीस हजार दोनशे. आबांनी तोही आकडा लपवला नाही, खाली स्वच्छ लिहिला होता.

शेठनी तो बघितला आणि हसले. वाईट नाही हसले, पण हसले. म्हणाले, आबा, महिन्याला मला अठ्ठ्याहत्तर रुपये पीएफ वाढतो ते सोडा, एका फटक्यात अकरा हजार सातशे जास्त जातात. आणि उद्या साठ माणसं विचारतील, नानाचं मूळ वाढलं, आमचं का नाही. भत्ता वाढवला तर तो भत्ता राहतो. मूळ एकदा चढलं की उतरत नाही, आणि जाताना माझ्याकडून मागच्या सगळ्या वर्षांचं घेऊन जातं. मला कारखाना चालवायचाय. सरकी एका मोसमात बुडवते.

सगळं खरं होतं. आम्ही दोघं उभे. मग मी मधेच बोललो. सांगितलं की चूक माझी. गाडीत मी तुमचा आवाज काढून त्यांना आकडा सांगितला. ते तुमचा शब्द समजून बसले नसतील, पण पगार खात्याचा शब्द समजले. त्यांनी बयाणा दिलाय.

"माझा आवाज?"

"हो."

"काढ."

आबांनी डोळे मिटले. मी पोट पुढे काढलं, चष्मा नाकावर आणला. छब्बीस साल सेवा केली तुम्ही, नाना. आवाज नेहमीपेक्षाही जास्त शेठसारखा आला.

शेठ आबांना म्हणाले, "मी असं बोलतो?"

"मऊ बोललात की असंच," आबा म्हणाले.

शेठनी पत्रक परत ओढलं. विचारलं, नियम काय लावायचा, एकट्या नानाला दिलं तर बोंब होईल. आबांनी तयारी केली होती. म्हणाले, पंचवीस वर्षं पुरी केलेल्यांना वरची श्रेणी. कारखान्यात असे दोघंच आहेत.

"एक नाना. दुसरा कोण?"

"दुसरा मी."

शेठ खुर्चीत मागे टेकले. आता मला त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते मी कधी कुणाच्या आवाजात काढू शकलो नाही. त्यांना वाटलं असणार, म्हातारा स्वतःसाठी आलाय. आबांनी खिशातून पेन्सिल काढली. नियमाच्या ओळीत 'पंचवीस वर्षं' पुढे 'कारखान्याच्या मशीनवर' असं लिहिलं. आबांनी सगळी वर्षं टेबलावर काढली होती. ते स्वतःच नियमाबाहेर गेले.

शेठनी सही केली. एवढंच म्हणाले की आबा, तुमचं वय झालं की पत्रक घेऊन या, बघू. बघू म्हणजे शेठचं बघू. पण सही शाईची होती.

नानांना मी आधी काही सांगितलं नाही. आबा म्हणाले, पाकीट हातात पडू दे, कागदावर होऊ दे, मग सांग. तुझ्या तोंडून एकदा आकडा गेलेला बघितलाय.

सात तारखेला पगार झाला. नाना पगाराच्या खिडकीवर आले, पाकीट घेतलं, तिथेच उभं राहून मोजलं. परत मोजलं. मागची रांग कुरकुरायला लागली.

"अठ्ठ्याहत्तर रुपया कमी शेतस," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. एवढं गेलं ते गेलं, आता हेही, असं.

मी खिडकी सोडून बाहेर आलो. त्यांना बाजूला घेऊन पत्रकाची नक्कल दाखवली. पट्टी नव्हती, बोटच ठेवलं. बघा नाना, हा शेवटचा रकाना. सोळाशे पन्नास होते, सातशे ब्याण्णव झाले. ते कुठे गेले? इथे. मूळमध्ये. मूळ वाढलं म्हणून पीएफ जास्त कापला, म्हणून पाकिटात अठ्ठ्याहत्तर कमी. तो पीएफ तुमचाच आहे, शेठचे तितकेच वर पडतील. आणि मूळ वाढलं म्हणून ग्रॅच्युइटी एकतीस हजार दोनशे.

या वेळी मी कुणाच्याच आवाजात बोलत नव्हतो. नाना पत्रकाकडे बघत होते. मग त्यांनी त्या दोन हजार ऐंशीवर अंगठा ठेवला, ताप बघितल्यासारखा.

"चालू शे," ते म्हणाले.

पैसे तरी पुरले नाहीतच. एकतीस हजार दोनशे आणि दिलेला बयाणा मिळून छत्तीस हजार दोनशे. आठ हजार आठशे राहिले. चक्कीवाला म्हणाला, दर महिन्याला थोडे थोडे द्या, पीठ तर तुम्हीच दळणार. नानांनी ते दीड वर्षात फेडले. नानी चाळणी घेऊन आधीपासून तयारच होती.

आबा तीन वर्षांनी निवृत्त झाले. त्यांचं शेवटचं पत्रक मी भरलं. मूळ शाईने, घरभाडं, वाहनखर्च, धुलाई शाईने, आणि शेवटचा रकाना रिकामा सोडून मी ते शेठकडे नेलं. शेठनी विचारलं, हे का भरलं नाही. मी म्हटलं, तुम्ही मूळ सांगा, हे आपोआप येईल. त्यांनी मूळच्या घरात माझा आकडा खोडून नवा लिहिला. नानांच्याइतका नाही, पण लिहिला.

पुढे एकदा मी मुद्दाम धरणगावला उतरलो. चक्कीचा आवाज स्टेशनपासून ऐकू येत नव्हता, पण मला येतोय असं वाटत होतं. नाना भुवयांपर्यंत पांढरे झाले होते. दारात पाच-सहा डबे ओळीत लावलेले, बाया बोलत बसलेल्या. त्यांनी मला बघितलं, पट्टा सैल केला, चक्की शांत केली आणि बायांना सांगितलं की हा पोरगा आमच्या शेठचा आवाज काढतो, थांबा, ऐका.

भिंतीवर, वीजबिलाशेजारी खिळ्याला, तो पेपरचा कोपरा लावलेला होता. जुना होऊन पिवळा की पिठाने पांढरा ते कळत नव्हतं, पण माझा अठ्ठेचाळीस हजार सातशे पन्नास अजून वाचता येत होता.

मी म्हटलं, शेठचा आवाज आता काढत नाही. नाना म्हणाले, काढ रे, बाया खोळंबल्यात. मग मी खाली मान घातली, समोर बसलेल्या बाईच्या डब्यावर हात ठेवला, थोडा वेळ काही बोललोच नाही, आणि मग अगदी हळू म्हणालो:

"तुना आवाजमा सांग, भाऊ."

एक क्षण नाना कळल्यासारखे बघत राहिले. मग खांदे हलायला लागले, मग आवाज फुटला, आणि त्यांच्या भुवयांवरचं सगळं पीठ उडून आम्हा सगळ्यांच्या अंगावर बसलं.